नसलेल्या राजाचे टक्कल

निश्चित वर्णन म्हणजे विशेषनाम न घेता नेमक्या एकाच व्यक्तीकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवणारा शब्दसमूह. 'जगातील सर्वात उंच शिखर' हे असे वर्णन आहे. ते ऐकणाऱ्याला एव्हरेस्ट हे नाव ठाऊक नसले तरी बोलणे कोणत्या शिखराविषयी चालले आहे ते कळते. वर्णनात बसणारे काहीच जगात नसेल, तर मात्र प्रश्न उभा राहतो.

खगोलशास्त्राच्या इतिहासात या प्रश्नाचे दोन्ही नमुने एकाच शास्त्रज्ञाच्या कामात सापडतात. युरेनस गणिताने ठरवलेल्या मार्गावरून किंचित ढळत होता. फ्रेंच खगोलज्ञ ले व्हेरिए याने त्याचे कारण एका अज्ञात ग्रहावर टाकले आणि 'युरेनसला विचलित करणारा ग्रह' कुठे असावा, ते गणिताने सांगितले. 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गालेला तो जवळपास त्याच जागी दिसला. तो नेपच्यून. 1859 मध्ये ले व्हेरिएने बुधाच्या कक्षेतील विसंगतीलाही हीच युक्ती लावली. सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान एक ग्रह असावा, असे त्याने मांडले. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले, पण तो नव्हता. बुधाची ती विसंगती, शतकाला सुमारे 43 विकला, 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून आपोआप निघाली.

आता हे वाक्य घ्यावे: 'बुधाला विचलित करणारा ग्रह सुमारे 20 दिवसांत सूर्याभोवती फिरतो.' 1860 मध्ये हे वाक्य वाचणाऱ्याला ते पूर्णपणे समजत होते. पुढे ग्रह नाही असे सिद्ध झाले, तेव्हा त्याचा अर्थ काही नाहीसा झाला नाही. मग ज्या शब्दसमूहाने कशाचाच निर्देश होत नाही, त्याच्यामुळे वाक्याला अर्थ कसा मिळतो? आणि वाक्य खरे की खोटे? खोटे म्हणावे, तर 'तो ग्रह सुमारे 20 दिवसांत फिरत नाही' हे खरे ठरायला हवे, आणि तेही कोणी म्हणणार नाही.

बर्ट्रांड रसेलने 1905 मध्ये 'माइंड' या नियतकालिकातील लेखात याचे उत्तर दिले. त्याचे उदाहरण अधिक प्रसिद्ध झाले: 'फ्रान्सच्या सध्याच्या राजाला टक्कल आहे.' फ्रान्स तेव्हा कित्येक वर्षे प्रजासत्ताक होते. टक्कल असलेल्या सगळ्यांची यादी केली तरी हा राजा तिच्यात नाही, टक्कल नसलेल्यांची केली तरी नाही. समन्वयाची आवड असलेले हेगेलवादी बहुधा तो टोप घालतो असा निष्कर्ष काढतील, असा चिमटा रसेलने तिथेच काढला आहे. राजा या जगात नसला तरी कुठल्यातरी अर्थाने 'आहे' असे मानण्याचा माइनाँगचा मार्ग रसेलला नको होता.

रसेलच्या मते निश्चित वर्णन हे नावासारखे काम करतच नाही. 'प्रत्येक ग्रह गोल आहे' या वाक्यात 'प्रत्येक ग्रह' हे कशाचेही नाव नसते. 'प्रत्येक', 'काही', 'एकही नाही' हे शब्द किती वस्तूंना गुण लागू आहे ते सांगतात. तर्कशास्त्रात त्यांना संख्यापक म्हणतात. निश्चित वर्णन त्याच घराण्यातले आहे, असे रसेल म्हणतो. राजाचे वाक्य उलगडले की त्यात तीन दावे सापडतात: फ्रान्सला राजा आहे, एकापेक्षा जास्त नाही, आणि जो कोणी आहे त्याला टक्कल आहे. पहिलाच दावा खोटा, म्हणून सगळे वाक्य खोटे.

मग नकाराचे काय? नकाराला आता दोन जागा मिळतात. 'असा एकच राजा आहे आणि त्याला टक्कल नाही' हे खोटे. 'असा एकच राजा असून त्याला टक्कल आहे, हे खरे नाही' हे मात्र खरे. ग्रहाच्या वाक्यालाही हेच लागू पडते. 'बुधाला विचलित करणारा ग्रह अस्तित्वात नाही' या वाक्याचे कोडेही सहज सुटते: वर्णनात नेमका एक ग्रह बसतो हा दावाच ते नाकारते, त्यासाठी नसलेल्या ग्रहाला आधी समोर आणावे लागत नाही. हे या उपपत्तीचे सर्वात मोठे यश म्हणावे लागेल.

पी. एफ. स्ट्रॉसनने 1950 मध्ये याला हरकत घेतली. कोणी गंभीरपणे राजाचे वाक्य उच्चारले, तर ऐकणारा 'हे खोटे आहे' असे म्हणत नाही, 'अहो, पण फ्रान्सला राजाच नाही' असे म्हणतो. स्ट्रॉसनच्या मते राजाचे असणे हा वाक्यातला दावा नसून ते बोलण्याआधी धरलेले गृहीत आहे. ते गृहीत कोसळले की खरे-खोटेपणाचा प्रश्नच उरत नाही. गोटलोब फ्रेगेने 1892 मध्ये याच अंगाचा विचार मांडला होता.

पूर्वगृहीत ओळखण्याची खूण अशी, की वाक्य नकारार्थी किंवा प्रश्नार्थी केले तरी ते टिकते. 'त्या ग्रहाला उपग्रह आहेत का?' असे विचारणाराही ग्रह आहे हे धरूनच चालतो. रसेलच्या तीन दाव्यांतील पहिला दावा प्रश्नातही असा ठाम का राहतो, याचे सरळ उत्तर त्याच्या उपपत्तीत मिळत नाही.

तरीही स्ट्रॉसनची बाजू निर्विवाद नाही, आणि तिला अडचणीत आणणारे उदाहरण 1964 मध्ये त्यानेच दिले. 'काल या प्रदर्शनाला फ्रान्सचा राजा येऊन गेला' हे वाक्य ऐकले तर बहुतेकांना ते सरळ खोटे वाटते. इथे बोलण्याचा विषय प्रदर्शन आहे. काल आलेल्यांकडे पाहून, राजाचा विचारही न करता, वाक्य तपासता येते. तेव्हा खोटेपणाची जाणीव अर्थातून येते की तपासण्याच्या सोयीतून, हे ठरवणे कठीण जाते.

'नेमका एक' ही अटही जशीच्या तशी टिकत नाही. 'दार लाव' असे सांगणाऱ्याला जगात एकच दार आहे असे म्हणायचे नसते. मराठीत निश्चितपणा दाखवणारे वेगळे उपपद नसल्यामुळे नुसते 'दार' हे नामच प्रसंगावरून 'हे एकच दार' असा अर्थ देते. दोन्ही पक्षांना मग एकमेवपणा समोरच्या खोलीपुरता, प्रसंगापुरता धरावा लागतो.

सर्वात कडक कसोटी मनातल्या गोष्टी सांगणाऱ्या वाक्यांची आहे. आयरीन हाईम, पॉल एल्बर्न आदी अर्थविज्ञान्यांनी तिच्यावर भर दिला. मार्च 1877 मध्ये व्हल्कन सूर्यबिंबावरून जाण्याची शक्यता ले व्हेरिएने वर्तवली होती. समजा कोणी म्हणाले, 'सूर्याजवळचा तो ग्रह मार्चमध्ये सूर्यबिंबावरून जाईल का, हा प्रश्न ले व्हेरिएला पडला होता.' हे वाक्य खरे वाटते. रसेलचे विश्लेषण प्रश्नाच्या आत बसवले, तर 'असा एकच ग्रह आहे का आणि तो जाईल का' हा त्याचा प्रश्न होतो. पण ग्रह आहे याविषयी ले व्हेरिएला शंका नव्हती. विश्लेषण बाहेर काढले, तर 'असा एक ग्रह आहे आणि त्याच्याविषयी त्याला प्रश्न पडला' असे होते, आणि ते तर खोटेच. पूर्वगृहीताच्या बाजूने इथे अडत नाही: ग्रहाचे असणे ले व्हेरिएच्या समजुतीत गृहीत आहे, एवढेच वाक्याला लागते.

रसेलच्या पाठीराख्यांकडे यावर उत्तर आहे. दोन गोष्टींपैकी एक ज्याला आधीच पक्की वाटते, त्याने दोन्हींविषयी प्रश्न विचारला तरी त्याची शंका दुसरीपुरतीच उरते, असे ते म्हणतात. पण दोन्ही गोष्टी प्रश्नात घालून सांगितलेले वाक्य ले व्हेरिएच्या मनात नसलेली शंका त्याच्या माथी मारते, ही खटक या उत्तराने जात नाही. अर्थविज्ञानात आज पूर्वगृहीताची बाजू मानणारे पुष्कळ आहेत, तर तत्त्वज्ञानात रसेलचा पक्ष चालवणारेही आहेत.