कोष्टकाची तळटीप आणि प्रश्नाचे उत्तर

भारतातील साक्षरतेच्या प्रसारावरील समाजशास्त्राच्या पाठाला बहुधा जनगणनेचे एक कोष्टक जोडलेले असते. त्यातील टक्केवारी अशी :

१९५१ – १८.३३
१९६१ – २८.३०
१९७१ – ३४.४५
१९८१ – ४३.५७
१९९१ – ५२.२१
२००१ – ६४.८३
२०११ – ७२.९८

या कोष्टकाखाली ‘कोणत्या दशकात साक्षरता किती वाढली, ते क्रमाने लिहा’ असा प्रश्न विचारला, की विद्यार्थी प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून मागील आकडा वजा करतो. १९९१ ते २००१ या दशकात १२.६२ टक्क्यांची भर पडली. हे दशक पहिले. ९.९७ ची भर घालणारे १९५१ ते १९६१ हे दुसरे, आणि ९.१२ ची भर घालणारे १९७१ ते १९८१ हे तिसरे. वजाबाकी बिनचूक आहे. उत्तर मात्र चुकीचे आहे.

या चुकीचे कारण तळटिपेत सापडते. १९५१, १९६१ आणि १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे आहेत, तर १९८१ पासूनचे दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येचे. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले अक्षरओळखीच्या उंबरठ्यावरच असतात. त्यांना गणनेतून वगळले की अपूर्णांकाचा छेद बराच घटतो, अंश मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. परिणामी एकही नवा माणूस वाचायला न शिकता टक्केवारी वर चढते.

हा फरक मोजताही येतो. जुन्या, म्हणजे पाच वर्षांच्या निकषाने १९८१ चा दर ४१.४२ होता. त्यामुळे १९७१ शी खरी तुलना करता वाढ ६.९७ टक्क्यांचीच ठरते, उरलेले २.१५ टक्के हे केवळ व्याख्याबदलाचे फळ होय. आता हे दशक तिसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर येते. ८.६४ ची भर घालणारे पुढील दशक आणि ८.१५ ची भर घालणारे २००१ ते २०११ हे दशक, दोन्ही त्याच्या पुढे जातात.

याच आकड्यांचा स्तंभालेख काढला तर धोका वाढतो, कारण आलेखात तळटीप सहसा गळून पडते आणि सातही स्तंभ एकाच जातीचे भासतात. १९८१ च्या स्तंभाशेजारी ४१.४२ चा दुसरा स्तंभ काढणे, हा त्यावरील साधा उपाय. त्यानंतरही एक मर्यादा उरतेच : १९८१ च्या दरात आसाम नाही आणि १९९१ च्या दरात जम्मू-काश्मीर नाही, कारण त्या वर्षी तेथे जनगणना होऊ शकली नव्हती.

म्हणून अशा कोष्टकावरील पहिला प्रश्न ‘वाढ किती?’ हा नसावा. ‘हे टक्के कोणापैकी?’ हा असावा. साहित्येतिहासकार जेव्हा याच आकड्यांवरून वाचकवर्गाच्या विस्ताराचा काळ ठरवू पाहतो, तेव्हा त्यालाही प्रथम याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.