धावत्या चाकाचा थांबलेला बिंदू

वेगात जाणाऱ्या सायकलचा एखादा फोटो नीट पाहा. कॅमेरा एका जागी धरून, शटर थोडा सावकाश ठेवून काढलेला असेल तर चाकाच्या वरच्या भागातले आरे एकमेकांत मिसळून नुसता धूसर पट्टा दिसतो. खाली, रस्त्याजवळचे आरे मात्र एकेक मोजता येतील इतके स्पष्ट असतात. चाक तेच आणि फोटोही एकच, तरी वरचा अर्धा भाग पुसट आणि खालचा स्वच्छ. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. चाकाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा खरोखरच जास्त वेगाने चाललेला असतो.

हे पटायला जड जातं, कारण चाक म्हणजे एकसंध वस्तू. तिचा एक भाग पुढे पळतो आणि दुसरा मागे रेंगाळतो, असं कसं होईल? उत्तर मिळवण्यासाठी चाकाच्या दोन हालचाली वेगळ्या करून पाहू.

सायकल स्टँडवर उभी करा आणि पेडल मारा. मागचं चाक जागच्या जागी फिरतं. टायरचा प्रत्येक बिंदू सारख्याच वेगाने फिरतोय, समजा ताशी १८ किलोमीटरने. फरक फक्त दिशेचा आहे : वरचा बिंदू सायकलच्या तोंडाकडे जातो, तळाचा बिंदू कॅरिअरकडे. आता फिरणारं चाक थांबवा आणि सायकल टेम्पोत टाकून ताशी १८ किलोमीटरने न्या. चाक फिरत नाही, पण त्याचा वरचा, मधला, खालचा असा प्रत्येक बिंदू ताशी १८ च्या वेगाने पुढे जातो.

रस्त्यावर सायकल चालवताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून बेरीज करायची. टायरच्या माथ्यावर १८ आणि १८ एकाच दिशेला, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. मधल्या आसाला फिरण्याचा वेग नाहीच, त्यामुळे तिथे सायकलचा तेवढा १८. आणि तळाशी, जिथे टायर डांबराला टेकलाय, तिथे पुढचे १८ आणि मागचे १८ एकमेकांना पुरते खोडून काढतात. उरतं शून्य.

दोन्ही आकडे नेमके सारखेच का, असा प्रश्न इथे पडायला हवा. टायर घसरत नाही, हेच त्याचं कारण. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण २.२ मीटर असतो. चाक न घसरता एक फेरा घेतं तेव्हा सायकल तितकीच, २.२ मीटर, पुढे सरकते. जेवढा टायर उलगडला, तेवढाच रस्ता कापला. म्हणून फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग जुळतात. टायर घसरू लागला की ही जुळणी मोडते आणि तळाचं शून्यही जातं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी सोपं होतं. त्या क्षणापुरतं सगळं चाक आसाभोवती नव्हे, तर जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती फिरत असतं. जो बिंदू तिथून जितका लांब, तितका त्याचा वेग जास्त. आस त्रिज्येएवढ्या अंतरावर, माथा त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणून वेगही दुप्पट. फोटोतले आरे वर जाता जाता हळूहळू का पुसट होत जातात, ते यातून कळतं. सेकंदाच्या साठाव्या भागात सायकल सुमारे ८ सेंटिमीटर पुढे जाते. तेवढ्यात टायरचा माथा १६-१७ सेंटिमीटर सरकतो आणि टेकलेला बिंदू जेमतेम काही मिलिमीटर हलतो.

‘वेग शून्य’ याचा अर्थ तो बिंदू तिथे विसावतो, असा मात्र घेऊ नये. टायरचा बिंदू खाली येतो, टेकतो आणि लगेच उचलला जातो. शून्य असतं ते एका क्षणाचं. त्या क्षणीही त्याला वर खेचणारं त्वरण असतंच. आपल्या सायकलसाठी ते गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे सातपट भरतं.

आता आगगाडीकडे वळू, कारण तिथे या हिशेबातून एक विलक्षण गोष्ट निघते. रेल्वेचं चाक रुळावरून उतरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला उंचावलेली कड असते, तिला फ्लँज म्हणतात. ही कड रुळाच्या माथ्याच्याही खाली उतरलेली असते. आपल्याकडच्या प्रवासी डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं आणि फ्लँज सुमारे साडेअठ्ठावीस मिलिमीटर खोल. शून्य वेगाची जागा आहे चाक रुळाला टेकतं तिथे. फ्लँजचं टोक त्याच्याही खाली, म्हणजे शून्याच्या पलीकडे. हिशेब सरळ आहे : ९० ला साडेअठ्ठावीसने गुणा आणि ४५७.५ या त्रिज्येने भागा. गाडी ताशी ९० किलोमीटरने पुढे धावत असताना फ्लँजचा सर्वांत खालचा बिंदू ताशी सुमारे साडेपाच किलोमीटरने मागे जात असतो. माणूस झपझप चालतो, साधारण त्या वेगाने. मुंबईहून नागपूरला निघालेल्या गाडीच्या प्रत्येक चाकाचा एक छोटासा भाग दर क्षणी मुंबईच्या दिशेने चाललेला असतो. मला तर चाकाच्या गणितातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

तळाच्या या शून्यावर आपला जीव अवलंबून असतो, हे ब्रेक मारताना कळतं. टेकलेला भाग रस्त्यावर स्थिर असतो तोवर टायर आणि डांबर यांच्यात स्थितिक घर्षण काम करतं. चालताना टेकवलेलं पाऊल जसं जमीन धरून ठेवतं, तसंच. ब्रेक करकचून दाबला आणि चाक जॅम झालं, की फिरण्याचा वेग संपतो. मग वजा करायला काही उरत नाही. ताशी ५४ ने जाणाऱ्या मोटारसायकलचा टायर तळाशीही ५४ नेच फरफटतो. रस्त्यावर नक्षीदार ठशाऐवजी काळा ओरखडा उमटतो. फरफटणाऱ्या टायरची पकड कमी होतेच, शिवाय उरलेलं घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेने लागतं. गाडी वळवायला आणि तोलायला बाजूचा आधार हवा, तो मिळत नाही. पुढचं चाक जॅम झालं की दुचाकी आडवी होते ती यामुळेच.

खऱ्या टायरचा तळ म्हणजे काही गणितातला बिंदू नव्हे. हवा भरलेलं रबर दबतं आणि तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो. ब्रेक लावताना रबर ताणलं जातं, त्यामुळे थोडी घसरण होतेच. कोरड्या डांबरावर ती साधारण १० ते २० टक्के असते, तेव्हा पकड सर्वांत चांगली मिळते. एबीएस ही यंत्रणा हेच सांभाळते. चाकापाशी बसवलेला सेन्सर फिरण्याचा वेग मोजत राहतो. तो एकदम कोसळू लागला की ब्रेकचा दाब क्षणभर सैल होतो, चाक पुन्हा फिरतं, दाब पुन्हा चढतो. हे सेकंदात अनेकदा घडतं आणि लिव्हरला थरथर जाणवते. १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे एबीएस सक्तीचं आहे.

तुमच्या गाडीला एबीएस असेल तर ती थरथर जाणवल्यावर घाबरून ब्रेक सोडू नका, दाबून ठेवा. नसेल, आणि सरळ जाताना मागचं चाक फरफटू लागलं, तर हँडल सरळ ठेवून ब्रेक जरासा ढिला करा, चाक फिरू द्या आणि मग पुन्हा हळूहळू दाबा.