टॅप केल्यावर पैसे नेमके कुठून जातात?

काउंटरवरच्या मशीनला फोन टेकवला, बीप वाजला, बिल भरलं गेलं. फोनमध्ये पैसे देण्याचं एकच अ‍ॅप असेल तर पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. पण दोन अ‍ॅप असतील आणि दोन्हींत वेगवेगळ्या बँकांची कार्डं असतील, तर पैसे कोणत्या कार्डावरून गेले? ते तुमच्या फोनमधल्या एका सेटिंगवर ठरतं. हे सेटिंग बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिलेलं नसतं.

एनएफसी म्हणजे अगदी जवळच्या अंतरावर चालणारी रेडिओ लहर. तिचा पल्ला सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणून फोन मशीनला जवळजवळ चिकटवावा लागतो. एनएफसीची अँटेना फोनच्या पाठीत असते. काही फोनमध्ये कॅमेऱ्याजवळ, तर काहींत मधोमध. टॅप लागत नसेल तर फोन जोरात दाबून उपयोग नाही. तो थोडा वर-खाली सरकवून एक-दोन सेकंद स्थिर धरावा. कव्हरमध्ये मेट्रोचं किंवा बँकेचं टॅपवालं कार्ड खोचून ठेवलं असेल तर ते आधी काढावं. एकाच वेळी दोन कार्डं समोर आली की मशीन गोंधळतं, किंवा फोनऐवजी त्या कार्डालाच बिल लावतं.

फोन टेकवताच मशीन पहिला प्रश्न विचारतं: तुझ्याकडे पैसे देणारी कोणती कार्डं आहेत? या प्रश्नाला दोन अ‍ॅपनी एकदम उत्तर दिलं तर व्यवहार होणारच नाही. म्हणून अँड्रॉइड एकाच अ‍ॅपला बोलू देतं. ते अ‍ॅप म्हणजे तुमचं ‘डिफॉल्ट’ पेमेंट अ‍ॅप.

ही निवड पाहण्यासाठी Settings मध्ये Connected devices, मग Connection preferences आणि मग NFC उघडा. सॅमसंगच्या फोनमध्ये हीच जागा Connections खाली NFC and contactless payments या नावाने आहे. वाट सापडली नाही तर Settings च्या शोधचौकटीत NFC टाइप करा. हे सर्वांत सोपं. तिथे पहिलं बटण एनएफसी चालू-बंद करण्याचं असतं आणि खाली Contactless payments. त्यात गेलं की डिफॉल्ट अ‍ॅपचं नाव दिसतं आणि ते बदलता येतं. अँड्रॉइड १५ पासून बऱ्याच फोनमध्ये ही निवड Default apps मधल्या Wallet app खाली गेली आहे.

अ‍ॅप निवडलं म्हणजे सगळं झालं असं नाही. त्या अ‍ॅपमध्ये टॅपने पैसे देण्यासाठी कार्ड वेगळं जोडावं लागतं आणि बँकेच्या ओटीपीने ते पक्कं करावं लागतं. यूपीआयसाठी बँक खातं जोडलेलं असलं तरी ते इथे चालत नाही. क्यूआर स्कॅन करून रोज व्यवहार करणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गृहस्थांच्या फोनमध्ये सॅमसंग वॉलेट आहे आणि त्यात पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड. नंतर त्यांनी गूगल पे मध्ये क्रेडिट कार्ड जोडलं. डिफॉल्ट मात्र सॅमसंग वॉलेटच राहिलं. कापडाच्या दुकानात १,८५० रुपयांचं बिल झालं. क्रेडिट कार्डावर घ्यायचं म्हणून त्यांनी फोनचं लॉक उघडलं आणि सरळ मशीनला टेकवला. पैसे गेले ते पगाराच्या खात्यातून. मशीनची चूक नव्हती, अ‍ॅपचीही नव्हती. उत्तर द्यायचा हक्क ज्याचा होता त्यानेच दिलं.

यावर दोन उपाय आहेत. रोजचा खर्च क्रेडिट कार्डावरच करायचा असेल तर डिफॉल्टच बदलावं. एरवी डेबिट आणि कधीमधी क्रेडिट असं हवं असेल तर दुसरा मार्ग आहे. अनेक फोनमध्ये डिफॉल्टच्या खाली Always आणि Except when another payment app is open असे दोन पर्याय असतात. दुसरा निवडला की जे अ‍ॅप समोर उघडं आहे त्याला पहिला मान मिळतो. मग त्या गृहस्थांनी आधी गूगल पे उघडायचं आणि मग टॅप करायचं. Always निवडलेलं असेल तर मात्र गूगल पे उघडं असूनही डिफॉल्टच पुढे सरसावू शकतं.

पैसे कुठून गेले हे तपासताना दुकानाच्या पावतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांवर विसंबू नका. फोनमध्ये तुमच्या कार्डाचा मूळ नंबर ठेवलेला नसतो. त्याच्या जागी फक्त त्या फोनपुरता दिलेला वेगळा नंबर, म्हणजे टोकन असतं. पावतीवर त्याचे आकडे छापले जाऊ शकतात. खरं उत्तर बँकेच्या एसएमएसमध्ये मिळतं. फोन हरवला तर याच टोकनचा फायदा होतो: बँकेला कळवून ते बंद करता येतं आणि पाकिटातलं कार्ड चालू राहतं.

आता बंद करण्याविषयी. फोनचं एनएफसी बंद केलं की फोनने टॅप करणं थांबतं. क्यूआर स्कॅनवर काहीही परिणाम होत नाही, कारण ते काम कॅमेरा आणि इंटरनेट करतात. पाकिटातल्या प्लॅस्टिकच्या कार्डावरही परिणाम होत नाही. कार्डाने ५ हजार रुपयांपर्यंतचा टॅप पिनशिवाय होऊ शकतो; रिझर्व्ह बँकेने ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून २ हजारांवरून वाढवली. तो टॅप थांबवायचा असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड सेटिंगखाली कॉन्टॅक्टलेस बंद करावं लागतं, किंवा त्याची मर्यादा कमी करावी लागते. ही सोय देणं बँकांना बंधनकारक आहे.

बॅटरी वाचवण्यासाठी एनएफसी बंद करण्यात फारसा अर्थ नाही. ते फार थोडी वीज खातं. गर्दीत कुणी मशीन खिशाजवळ आणून फोनमधून पैसे काढेल, ही भीतीही मोठी नाही, कारण स्क्रीन बंद असताना अँड्रॉइडवरची अशी अ‍ॅप सहसा उत्तर देत नाहीत. आणखी खात्री हवी असेल तर Require device unlock for NFC चालू करा. मग लॉक उघडल्याशिवाय टॅप होणार नाही.

बंद ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. एनएफसी चालू असलेला फोन कार्ड असल्याचं सोंग घेतो, तसाच दुसऱ्याचं कार्ड वाचूही शकतो. चेक प्रजासत्ताकातल्या बँकग्राहकांना याचा फटका बसला. त्या फसवणुकीत वापरलेल्या अ‍ॅपला ईसेट या सुरक्षा कंपनीने २०२४ मध्ये ‘एनगेट’ असं नाव दिलं. करपरताव्याचा मेसेज यायचा, मागोमाग बँकेचा कर्मचारी म्हणवणाऱ्याचा फोन. तो एक अ‍ॅप घ्यायला लावायचा, एनएफसी चालू करायला सांगायचा, कार्ड फोनच्या पाठीला लावायला आणि पिन टाकायला सांगायचा. फोन ते कार्ड वाचून सगळी माहिती दूर असलेल्या चोराच्या फोनकडे पाठवायचा आणि तो एटीएममधून पैसे काढायचा. कार्ड मालकाच्या हातातच असायचं.

या डावात एक पायरी अशी आहे की तिथे माणसाला थांबता येतं. एनएफसी आधीच बंद असेल तर भामट्याला ‘ते चालू करा’ असं तोंडाने सांगावं लागतं. दुकानात टॅप करताना ते बटण तुम्ही स्वतः चालू करता. फोनवरचा अनोळखी आवाज ते चालू करायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला स्वतः फोन करा.