‘माहीत नाही’ या उत्तरात दडलेली टोपी

तीन माणसं एकामागे एक रांगेत उभी आहेत. पेटीत पाच टोप्या आहेत, तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या, आणि हे तिघांनाही ठाऊक आहे. डोळे मिटायला लावून प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टोपी चढवली जाते आणि उरलेल्या दोन लपवल्या जातात. डोळे उघडल्यावर सर्वांत मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसतात, मधल्याला फक्त पुढच्याची दिसते आणि सर्वांत पुढच्याला एकही दिसत नाही. मागे वळून पाहायचं नाही.

मागच्याला विचारलं जातं, “तुझ्या टोपीचा रंग कोणता?” तो म्हणतो, “माहीत नाही.” मधलाही म्हणतो, “माहीत नाही.” मग ज्याला काहीच दिसत नाही तो पुढचा माणूस ठामपणे सांगतो, “माझी टोपी पांढरी आहे.”

हा अंदाज नाही. मागच्याला पुढे दोन काळ्या टोप्या दिसल्या असत्या, तर काळ्या संपल्यामुळे आपली पांढरी हे त्याला लगेच कळलं असतं. त्याला कळलं नाही, म्हणजे पुढच्या दोघांपैकी निदान एकाची टोपी पांढरी आहे. हे मधल्यानेही ऐकलं. त्याला पुढे काळी टोपी दिसत असती, तर ती पांढरी आपलीच हे त्याने ओळखलं असतं. तोही अडला, म्हणजे त्याच्या समोरची टोपी काळी नाही. या कोड्याच्या काही आवृत्त्यांमध्ये पुढचा माणूस आंधळा असतो आणि तरीही उत्तर तसंच राहतं, कारण त्याला हवी असलेली सगळी माहिती कानांवाटे आलेली असते.

अशी कोडी बरीच जुनी आहेत. ब्रिटिश गणितज्ञ जॉन लिटलवुड यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात रेल्वेच्या डब्यातल्या तीन स्त्रियांचं कोडं दिलं आहे. तिघींचे चेहरे मळलेले आहेत आणि तिघी एकमेकींना हसताहेत. दुसरीला स्वतःचा चेहरा मळल्याचं कळत कसं नाही, या विचारातून एकीच्या लक्षात येतं की आपलाही चेहरा मळलेलाच असणार. टोप्यांच्या जागी इथे चेहरे आहेत, पण तर्क त्याच घराण्यातला आहे.

या घराण्यातलं सर्वांत चकवणारं कोडं रांगेतलं नाही, गोलात बसलेल्यांचं आहे. तिघं समोरासमोर बसले आहेत आणि प्रत्येकाला इतर दोघांच्या टोप्या दिसतात. टोपी लाल किंवा पांढरी असू शकते, पण कोणत्या रंगाच्या किती आहेत हे सांगितलेलं नाही. प्रत्यक्षात तिन्ही लाल आहेत. खेळ घेणारा मोठ्याने जाहीर करतो, “निदान एक टोपी लाल आहे.” मग तो विचारतो, “स्वतःचा रंग कोणाला कळला?” तिघंही एकदम नाही म्हणतात. तो पुन्हा विचारतो आणि पुन्हा तिघांचा नकार येतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र तिघंही एका सुरात सांगतात, “लाल!”

पहिल्या नकारातून इतकंच ठरलं की कोणालाही समोर दोन पांढऱ्या टोप्या दिसत नाहीत. दिसल्या असत्या, तर ती एकमेव लाल टोपी आपली हे त्याला कळलं असतं. म्हणजे लाल टोप्या निदान दोन. आता ज्याला एक लाल आणि एक पांढरी दिसत असेल, त्याने दुसऱ्या फेरीत स्वतःची लाल ओळखायला हवी होती. दुसऱ्या फेरीतही सगळे अडले, म्हणून पांढरी टोपी कोणाच्याच डोक्यावर नाही.

इथे एक खरी शंका उभी राहते. प्रत्येकाला समोर दोन लाल टोप्या दिसतच होत्या. ‘निदान एक लाल आहे’ हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मग त्या घोषणेने नवं काय सांगितलं?

उत्तर दोघांच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. अ आणि ब दोघांच्याही टोप्या लाल आहेत. निदान एक लाल आहे हे अ जाणतो, कारण त्याला ब ची टोपी दिसते. पण ब लाही हे ठाऊक आहे, असं अ म्हणू शकत नाही. आपली टोपी पांढरी असेल तर ब ला एकही लाल दिसत नसेल, असं त्याला वाटू शकतं. जाहीर घोषणा झाली की ही शक्यता संपते. ब ला ते कळलं आहे हे आता अ ला पक्कं ठाऊक असतं, आणि म्हणूनच ब च्या नकारातून अ ला आपली टोपी कळते. तिघं असतील तर हीच साखळी एका कडीने लांबते: एकाला ठाऊक आहे, की दुसऱ्याला ठाऊक आहे, की तिसऱ्याला ठाऊक आहे.

सर्वांना माहीत असणं आणि सर्वांना माहीत आहे हेही सर्वांना माहीत असणं, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. दुसऱ्या गोष्टीची साखळी कुठेही न थांबता पुढे चालत राहिली, की तिला सामायिक ज्ञान म्हणता येईल. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी 1969 साली सामाजिक संकेतांचा विचार करताना ही कल्पना मांडली. गणितज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी 1976 साली तिला गणिती रूप दिलं. याच ऑमन यांना 2005 साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

हा फरक तपासायची सोपी रीत आहे. तेच वाक्य जाहीर न करता प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगा, आणि बाकीच्यांना काय सांगितलं हे कोणालाही कळू देऊ नका. शब्द तेच असले, तरी फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या तरी कोणालाच उत्तर सापडणार नाही. कारण दुसऱ्याला ते सांगितलं आहे याची खात्री नसेल, तर त्याच्या ‘माहीत नाही’चा अर्थ लावता येत नाही.

दुसरी अट वेळेची आहे. फेऱ्या ठरलेल्या असतील, तर नकार कोणत्या प्रश्नाला आला हे कळतं. फेऱ्या काढून ‘कळेल तेव्हा बोला’ म्हटलं, की गप्प बसण्याचा अर्थ धूसर होतो. समजा, माझी टोपी पांढरी आहे आणि उरलेल्या दोघांच्या लाल. त्या दोघांनी थोड्या विचाराने आपापला रंग सांगायला हवा. पण ते सावकाश विचार करणारे असले, तर त्यांच्या गप्प राहण्यावरून मी माझी टोपी लाल ठरवीन आणि चुकेन. माझ्या तर्कात काहीच खोट नसेल. त्यांच्या शांततेला मी चुकीची मुदत दिली, एवढंच.

फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ यांनी 1945 सालच्या लेखात नेमका हाच काळाचा प्रश्न धरला. त्यांच्या कोड्यात तीन कैद्यांच्या पाठीवर तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या चकत्यांपैकी एकेक पांढरी चकती लावलेली आहे. रंग ओळखून जो दाराशी येईल तो सुटेल. तिघं एकाच वेळी निघतात, पण इतरांना निघालेलं पाहून प्रत्येकाला शंका येते आणि तिघंही थबकतात. पुन्हा निघतात, पुन्हा थबकतात, आणि या दोन थांब्यांनंतरच शंका पुरती फिटते. इथे इतरांचं अडखळणं हाच पुरावा आहे. तिघांची चाल सारखी नसेल, तर तो पुरावा उरत नाही.

हा खेळ घरी करून पाहायचा असेल तर कागदाच्या टोप्या पुरतात. गोलात बसा, घोषणा मोठ्याने करा, प्रत्येक प्रश्नानंतर सर्वांना पुरेसा वेळ द्या आणि टाळी वाजताच सगळ्यांनी एकदम हात वर करून उत्तर द्यायचं असं ठरवा. लाल टोप्या तिघांवर असतील तर तिसऱ्या टाळीला उत्तर यायला हवं. दोघांवरच असतील, तर ते दोघं दुसऱ्या टाळीला सांगतील आणि पांढरी टोपीवाला तिसऱ्या टाळीला. यापेक्षा आधी किंवा उशिरा कोणी बोललं, तर त्या फेरीत कोणाचा तर्क सुटला हे सगळ्यांनी मिळून शोधून काढा.