रांग कुणाची आणि वाट कुणी पाहायची?

आज आपण रांगेबद्दल बोलू. बँकेतल्या नव्हे, तर सपोर्टच्या रांगेबद्दल. एका कंपनीत हिशेब विभाग, दुकानं आणि गोदाम असे सगळे एकाच हेल्पडेस्कला तक्रारी पाठवतात. प्रत्येक तक्रारीचं एक तिकीट होतं. प्रश्न एवढाच, की आधी कुठलं तिकीट उचलायचं?

मी हैदराबादमध्ये असा एक डेस्क काही वर्षं सांभाळला. सुरुवातीला नियम सोपा होता : आधी येईल त्याचं आधी, म्हणजेच फर्स्ट इन फर्स्ट आउट. वशिला नाही, वाद नाही. पण एका सोमवारी सकाळी साडेनऊला मी एकटाच होतो आणि रात्रीपासून चार तिकिटं या क्रमानं आलेली होती. पहिलं नव्या माणसाचा लॅपटॉप तयार करण्याचं, काम १२० मिनिटांचं. दुसरं पासवर्ड बदलून देण्याचं, ५ मिनिटांचं. तिसरं प्रिंटरचं, १५ मिनिटांचं. चौथं एका दुकानाचं बिलिंग बंद पडल्याचं, २० मिनिटांचं.

नियमाप्रमाणे मी लॅपटॉप घेऊन बसलो. पासवर्डवाल्याला पाच मिनिटांच्या कामासाठी दोन तास थांबावं लागलं. बिलिंगला हात लागेपर्यंत १४० मिनिटं गेली, तोवर दुकानात गिऱ्हाइकं उभी. चौघांची वाट पाहण्याची बेरीज केली तर ३८५ मिनिटं झाली.

आता क्रम बदलून पाहा. आधी बिलिंग, मग पासवर्ड, मग प्रिंटर, शेवटी लॅपटॉप. थांबण्याची वेळ अनुक्रमे ०, २०, २५ आणि ४० मिनिटं, बेरीज ८५. दोन्ही वेळा माझं काम १२ वाजून १० मिनिटांनीच संपतं. मी जास्त राबलो नाही. लॅपटॉपवाला ४० मिनिटं जास्त थांबला आणि बाकी तिघांचे मिळून ३४० मिनिटं वाचले.

म्हणजे फर्स्ट इन फर्स्ट आउट अन्याय कधी करतो? कामांचा आकार फार वेगवेगळा असतो तेव्हा, किंवा थांबण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी मोजावी लागते तेव्हा. सगळी कामं साधारण सारखी असतील, तर त्याच्याइतका सरळ नियम दुसरा नाही.

आम्ही मग प्राधान्यक्रम आणला. तिकीट टाकणाऱ्यानंच ठरवायचं : तातडीचं की साधं. तातडीची सगळी आधी, ती संपली की साधी. पहिले काही आठवडे सगळे खूश होते. मग एक दिवस गोदामाच्या सुपरवायझरांचा फोन आला. मूळचे सोलापूरचे, त्यामुळे आमचं बोलणं मराठीतच व्हायचं. म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे ओरडल्याशिवाय नंबर लागत नाही का?"

त्यांच्याकडे एक नवा हमाल लागला होता. अंगठ्याच्या मशीनवर त्याची नोंद करून द्या, असं साधं तिकीट त्यांनी टाकलं होतं. त्याला सात दिवस झाले होते. नोंद नाही म्हणून हजेरी नाही, आणि हजेरी नाही म्हणून त्या दिवसांची मजुरी अडकलेली. काम दहा मिनिटांचं होतं.

हे कसं झालं, ते एका हिशेबावरून सांगतो. समजा, तीन माणसं मिळून दिवसाला ३६ तिकिटं निकालात काढतात आणि येतात ३७. रोज एक मागे राहतं. वीस दिवसांनी ढीग २० तिकिटांचा. आल्या क्रमानं काम केलं, तर नव्या तिकिटापुढे २० तिकिटं असतात. आठ तासांच्या दिवसात ती साडेचार तासांत संपतात. सगळ्यांनाच अर्धा दिवस थांबावं लागतं. त्रास आहे, पण वाटून घेतलेला.

आता प्राधान्यक्रम लावा. ‘तातडीचं’ लिहिलं की काम लवकर होतं हे लोक लगेच शिकतात. त्यामुळे ३७ पैकी ३३ तातडीची आणि ४ साधी. तातडीची ३३ त्याच दिवशी होतात. साध्यांसाठी रोज फक्त ३ जागा उरतात. वीस दिवसांनी ढीग तेवढाच, २० तिकिटांचा. पण तो सगळाच्या सगळा साध्या तिकिटांचा. रोज तीन या गतीनं नव्या साध्या तिकिटाचा नंबर जवळजवळ सात दिवसांनी लागतो. प्राधान्यक्रमानं काम वाढवलं नाही, माणूसही वाढवला नाही. त्यानं सगळ्यांचा अर्धा दिवस गोळा करून थोड्या लोकांच्या डोक्यावर ठेवला. आणि हे थोडे लोक कोण? ज्यांना ‘तातडीचं’ लिहिण्याची सवय नाही ते.

ही गोष्ट मला आधी का दिसली नाही? कारण मी सरासरी पाहत होतो. बंद झालेल्या तिकिटांना सरासरी किती वेळ लागला, हा आकडा सुरेख होता. पण जे तिकीट अजून उघडंच आहे, ते त्या सरासरीत येतच नाही. उपाशी माणूस जेवलेल्यांच्या यादीत कसा सापडणार? म्हणून रोज सकाळी एकच गोष्ट पाहा : सगळ्यांत जुनं उघडं तिकीट किती दिवसांचं आहे. तो आकडा वाढत असेल आणि सरासरी छान दिसत असेल, तर कुणीतरी उपाशी राहतंय.

आम्ही दोन बदल केले. पहिला, ‘तातडीचं आहे का?’ हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी विचारलं : किती जणांचं काम थांबलंय? आणि तोवर दुसऱ्या मार्गानं काम चालवता येईल का? तातडी आम्ही ठरवू लागलो. हमालाच्या तिकिटाला एकाच माणसाचं काम अडलं होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. ते वर गेलं असतं.

दुसरा, वाट पाहण्यालाही गुण दिले. तातडीच्या तिकिटाला सुरुवातीलाच ८० गुण, साध्याला शून्य. मग दोन्हींना कामाच्या दर तासाला १० गुण. ज्याचे गुण जास्त, ते आधी. गंमत पाहा : साध्या तिकिटानंतर आठ तासांहून उशिरा आलेलं कुठलंही तातडीचं तिकीट त्याला ओलांडू शकत नाही. उपाशी राहण्याला हद्द पडली.

याचीही मर्यादा आहे. रोज ३६ होत असतील आणि ३७ येत असतील, तर ढीग वाढणारच; गुण लावून तो कमी होत नाही. जुनी साधी तिकिटं वर चढत जातात आणि शेवटी खरी तातडीचीही थांबू लागतात. म्हणून दुकानच बंद पडण्यासारख्या मोजक्या गोष्टी आम्ही या गुणांच्या बाहेर, कायम पहिल्या ठेवल्या. आणि सगळ्यांत जुनं तिकीट सारखं म्हातारं होऊ लागलं, तर क्रम बदलत बसायचं नाही. चौथा माणूस मागायचा किंवा कामं कमी करायची.

त्या हमालाची नोंद मी फोन ठेवल्यावर लगेच केली. सात दिवसांची हजेरी सुपरवायझरांनी कागदावर लिहून ठेवली होती, म्हणून मजुरी मिळाली. आमच्या रांगेनं मात्र ती जवळजवळ बुडवलीच होती.

तुमच्याकडे अशी रांग असेल, तर आज तिचं सगळ्यांत जुनं तिकीट उघडून पाहा. भेटू पुढच्या भागात.