कोपऱ्यावर अडणारे पहारेकरी

सकाळी ९.००. नाहूर स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं खेळ बनवतो: लेव्हल आणि चित्रं भागीदारीण करते, कोड मी. खेळ आहे एका गढीतला, वरून दिसणारा. रात्री खेळून पाहिलेल्या मित्राचा निरोप आलाय: ‘कोठाराच्या कोपऱ्यावर पहारेकरी जागच्या जागी पाय आपटतो. त्याच्या पाठीमागून आरामात निघून गेलो.’

९.३०. आधी मार्ग डोळ्यांनी बघायचा. ए-स्टारने काढलेले बिंदू जोडून पडद्यावर लाल रेघ उमटवली. रेघ बरोबर खेळाडूपर्यंत पोचते, म्हणजे मार्ग सापडतोय. बाजूला पहारेकऱ्याचा वेग आणि प्रत्यक्ष सरकलेलं अंतर छापलं. वेग पूर्ण, अंतर शून्य. शोध एक सांगतो आणि शरीराला ते जमत नाही, असा हा प्रकार.

१०.३०. जवळून पाहिल्यावर कारण दिसलं. आमची चौकट ३२ पिक्सेलची, पहारेकऱ्याची टक्कर-सीमा १३ पिक्सेल त्रिज्येचं वर्तुळ. तिरपी रेघ एका चौकटीच्या मध्यातून दुसरीच्या मध्यात जाते, ती नेमकी मधल्या कोपऱ्याच्या टोकावरून. तिथे भिंत असेल तर रेघ आणि भिंत यांत अंतर शून्य, आणि अंगाला हवेत १३. शोधाला मात्र अंग माहीतच नाही. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत फक्त खर्च मोजते: तिरपं पाऊल सुमारे १.४१, वळसा २. स्वस्त ते निवडलं जातं.

११.३०. झटपट उपाय करून पाहिला. गोडो इंजिनात `move_and_collide` भिंतीला लागताच थांबतं. त्याऐवजी `move_and_slide` वापरलं की अंग भिंतीवरून घसरत पुढे जातं. कोठाराचा कोपरा पार झाला. पण तुळशी वृंदावनाची चौकट आणि खांबाची चौकट जिथे टोकाला टोक लावून आहेत, तिथे पहारेकरी पाचरीसारखा रुतला. त्या फटीची रुंदी शून्य. मार्ग तिच्यातून जातो, आणि घसरायला बाजूच नाही. घसरण्याने चूक झाकली जाते, मिटत नाही.

दुपारी १.००. डबा.

२.००. खरा उपाय शोधातच आहे. तिरपं पाऊल टाकताना लगतच्या दोन्ही सरळ चौकटी मोकळ्या असल्या तरच परवानगी द्यायची. `AStarGrid2D` मध्ये मूळ सेटिंग तिरपं कधीही चालू देते. ते बदललं:

```
grid.diagonal_mode = AStarGrid2D.DIAGONAL_MODE_ONLY_IF_NO_OBSTACLES
```

आता लाल रेघ कोपऱ्याला काटकोनात वळते. चौकटीच्या मध्यापासून भिंत १६ पिक्सेलवर, अंग १३, शिल्लक ३. फटीतला मार्ग बंद झाला.

४.००. तरी पहारेकरी कोपऱ्याला घासतो आणि तिथे वेग पडतो. रेघ ठीक आहे, पण तो तिच्यावरून चालत नाही. बिंदूपासून १० पिक्सेलवर आला की ‘पोचलो’ समजून तो पुढच्या बिंदूकडे वळतो. इतक्या लवकर वळलं तर नवी वाट कोपऱ्यापासून साडेदहा पिक्सेलवरून जाते. ६ ठेवलं तर सुमारे १२.८, अजूनही कमी. ४ ठेवलं तर १३.९, सुटला.

५.१५. चार पिक्सेलची अट खेळातल्या कुत्र्यांना मानवेना. कुत्रा सेकंदाला ६०० पिक्सेल धावतो, म्हणजे साठ फ्रेमना दर फ्रेम १०. बिंदूभोवतीची ८ पिक्सेलची पट्टी तो उडी मारून ओलांडतो, मग मागे फिरतो, पुन्हा ओलांडतो. बघणाऱ्याला वाटतं तो थरथरतोय. म्हणून नियम असा केला: या फ्रेमचं पाऊल बिंदूपर्यंतच्या अंतरापेक्षा मोठं असेल तर बिंदूवर नेऊन ठेवायचं आणि उरलेलं पाऊल पुढच्या रेघेवर चालवायचं.

६.३०. ‘मग खेळात हत्ती कधी सोडायचा?’ भागीदारणीने विचारलं. हत्तीची त्रिज्या २८. काटकोनात वळवूनही तो भिंतीत घुसणार, कारण मध्यापासून भिंत १६ वरच. त्याच्यासाठी वेगळी जाळी लागेल: भिंतीपासून २८ पिक्सेलच्या आत मध्य येणारी प्रत्येक चौकट बंद. म्हणजे प्रत्येक भिंतीभोवती एक चौकट जाडीचं कडं.

‘मग दोन चौकटींची गल्ली?’

‘पूर्ण बंद. गल्ली ६४ पिक्सेल, हत्ती ५६, म्हणजे मावतो. पण त्याला दोन चौकटींच्या मधल्या सीमेवरून चालावं लागेल, आणि जाळीला फक्त मध्य ठाऊक.’

तिने नकाशा मोठा केला. देवडीपासून पागेपर्यंतची गल्ली तीन चौकटी करायला तिला कोठार सरकवावं लागेल. बाकी गल्ल्या दोनच्याच राहू दे, म्हणाली. हत्ती मागे लागला की खेळाडूला पळून जायला जागा हवीच.