दोघींची फुली एकाच घरात

बाळंतपण किती वेळ चालेल हे सांगता येत नाही, असं घरातल्या मोठ्या बायका सांगत आल्या आहेत. ते खरंच आहे. पण ते नीट पुढे सरकतंय की अडकलंय, हे एका कागदावरच्या दोन तिरक्या रेषा सांगू शकतात. या रेषांमागची कल्पना दवाखान्यापासूनच्या अंतरातून आली आहे.

न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ मध्ये गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते वेळेसमोर मांडून प्रसूतीचा पहिला आलेख काढला. त्याचं रोजच्या कामाचं हत्यार केलं ते फिलपॉट आणि कॅसल यांनी, १९७२ मध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियात. तिथे छोट्या केंद्रांत सुईणी एकट्याने बाळंतपणं करत आणि शस्त्रक्रियेची सोय दूरच्या रुग्णालयात असे. अशा सुईणीला ‘लक्ष ठेव’ एवढं सांगून काय उपयोग? ‘आता पाठव’ हे तिला वेळेत कळायला हवं होतं. म्हणून त्यांनी तासाला एक सेंटिमीटर या वेगाची सावधानतेची रेषा, म्हणजे अॅलर्ट लाइन, आखली. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी समांतर रेषा काढली, ती अॅक्शन लाइन. मधले चार तास हे बाईला घेऊन रस्ता कापण्याचे तास आहेत. मला या कागदात सगळ्यात थक्क करते ती हीच गोष्ट.

आता पेन्सिल घ्या आणि आपल्याकडचा सोपा पार्टोग्राफ समोर ठेवा. हा कागद ४ सेंटिमीटरपासून सुरू होतो. त्याआधीचा काळ सुप्त असतो आणि तो कितीही लांबू शकतो. ३ सेंटिमीटरला फुली मारलीत, तर विनाकारण ‘उशीर’ दिसेल.

समजा, एक पहिलटकरीण सकाळी ६ वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात आली. तोंड ४ सेंटिमीटर उघडलं आहे, दहा मिनिटांत तीन कळा येतात, प्रत्येक साधारण तीस सेकंदांची. पोटावर हात ठेवून, समोर घड्याळ धरूनच कळा मोजायच्या. ‘येताहेत हो’ हे तिचं सांगणं नोंदीसाठी पुरत नाही. पाणमोट शाबूत आहे, बाळाचे ठोके १४०. पहिली फुली अॅलर्ट लाइनवरच ४ च्या घरात मारा आणि तिच्या बरोबर खाली ‘६’ ही वेळ लिहा. ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाने नोंदवायची. आतून तपासणी चार तासांनी, म्हणजे १० वाजता.

१० वाजता तोंड ६ सेंटिमीटर उघडलेलं सापडतं. अॅलर्ट लाइनप्रमाणे ते ८ असायला हवं होतं. ६ सेंटिमीटरवर ही रेषा ८ वाजता असते, म्हणून तुमची फुली दोन तास उजवीकडे पडली. अॅक्शन लाइन ६ सेंटिमीटरला १२ वाजता आहे, म्हणजे तिच्यापर्यंत अजून दोन तास आहेत.

आता दुसरी पहिलटकरीण घ्या. तीही ६ वाजता आली, तिचंही तोंड ४ सेंटिमीटर होतं, १० वाजता तेही ६. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तर फुल्या जुळतील. तरी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलीच्या कळांच्या ओळीत १० वाजता दोनच घरं भरली आहेत आणि त्यांत ठिपके आहेत, म्हणजे कळा वीस सेकंदांच्या आत विरतात. ठोके १४० च्या आसपास, नाडी ८४, पाणमोट अजून शाबूत. जोर कमी पडतोय, वाट अडलेली दिसत नाही. लघवी झाली का ते आधी विचारा. भरलेल्या मूत्राशयानेही डोकं खाली यायला अडचण होते.

दुसरीच्या ओळीत चार घरं पूर्ण काळी आहेत: दहा मिनिटांत चार कळा, प्रत्येक चाळीस सेकंदांहून लांब. जोर भरपूर आहे आणि तोंड मात्र उघडत नाही. ठोके १४४ वरून १६८ वर चढले, नाडी ८४ वरून १०८ वर गेली. पाण्याच्या ओळीत ‘सी’ होता, साडेनऊला तिथे ‘एम’ आला, म्हणजे बाळाने पोटातच शी केली आहे. पोटावरून चाचपलं, तर डोक्याचे पाचपैकी चार भाग अजून कमरेच्या हाडावरच आहेत आणि आतून कवटीची हाडं एकमेकांवर सरकलेली लागतात. या शेवटच्या दोन गोष्टींसाठी आपल्या सोप्या पार्टोग्राफमध्ये वेगळी ओळ नाही. त्या केसपेपरवर लिहाव्याच लागतात, आणि माझ्या मते ही त्या कागदाची मोठी उणीव आहे.

किती उशीर झाला ते फुली सांगते. का झाला ते खालच्या-वरच्या ओळी सांगतात. पहिलीला योग्य ठिकाणी कळा वाढवण्याचं औषध उपयोगी पडू शकेल. तेच ऑक्सिटोसिन दुसरीला दिलं, तर अडकलेल्या डोक्यावर गर्भाशय आणखी जोराने दाबेल, खालचा भाग ताणून पातळ होईल आणि फाटू शकेल. शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या केंद्रात हे औषध प्रसूतीआधी कोणालाच द्यायचं नाही. फुली अॅलर्ट लाइन ओलांडून गेली, त्यामुळे दोघींनाही सिझेरियनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं, सोबत पार्टोग्राफही. पण १०८ ला फोन करताना दुसरीचं नाव आधी, आणि पुढच्या डॉक्टरांना ‘अडलेली वाटते’ हे शब्द सांगून.

कागद फसवतो कुठे, हेही पाहा. एक बाई ८ वाजता आली तीच ६ सेंटिमीटरवर. घाईत फुली पहिल्या उभ्या रेषेवर ६ च्या उंचीला मारली. १२ वाजता ८ सेंटिमीटर. फुली नेमकी अॅलर्ट लाइनवर, सगळं ठीक! पहिली फुली मुळात अॅलर्ट लाइनवर ६ च्या घरात हवी होती. तशी मारली, तर दुसरी फुली दोन तास उजवीकडे जाते. बाळंतपण झाल्यावर बसून भरलेला कागद तर आणखी वाईट, कारण त्यातल्या फुल्या नेहमी शिस्तीत असतात.

तासाला एक सेंटिमीटर हा निसर्गाचा नियमही नाही. त्याहून सावकाश उघडूनही पुष्कळ बायका सुखरूप बाळंत होतात, हे मान्य करून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नव्या लेबर केअर गाइडमध्ये सुरुवात ५ सेंटिमीटरवर नेली आणि तिरकी रेषाच काढून टाकली. तिथे प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा आहे: ६ वर पाच तास, ८ वर अडीच. त्या हिशेबाने आपल्या पहिलीला उशीर झाला असं १० वाजता म्हणता येणार नाही. दुसरीला तिथेही ठोक्यांच्या रकान्यातून धोक्याची खूण मिळते.

तिसरा कागद तुम्ही भरा. आधी एक नैसर्गिक बाळंतपण झालेली बाई दुपारी २ वाजता ७ सेंटिमीटरवर आली. संध्याकाळी ६ वाजता ९ सेंटिमीटर. कळा दहा मिनिटांत चार, पन्नास सेकंदांच्या. ठोके १५०, नाडी ९६, पाणी स्वच्छ. पोटावरून डोक्याचे तीन भाग लागतात. सिझेरियनची सोय दीड तासावर आहे. दोन्ही फुल्या मारा, अॅलर्ट लाइनपासूनचं अंतर तासांत लिहा. मग ठरवा: ‘पहिलं सहज झालं होतं’ हे तिच्या सासूबाईंचं म्हणणं धरून थांबायचं, की वाटेत बाळंत होण्याची शक्यता धरून, प्रसूतीचं किट आणि एक नर्स सोबत देऊन, आत्ताच निघायचं? उत्तराखाली कारण म्हणून कागदावरच्या कोणत्या दोन ओळी वाचल्या, तेही लिहा.